कॅशलेसचे 3 तास नक्की कधी सुरू होतात?

वाचकाची प्रतिक्रिया: "तुम्ही लेखात लिहिलंय 3 तासात डिस्चार्ज अप्रूव्हल मिळतं. बाबांना डॉक्टरांनी सकाळी 10 ला सोडलं, अप्रूव्हल आलं संध्याकाळी 7 ला. आधी 60,000 मंजूर केले आणि शेवटी 14,000 आमच्याकडून घेतले. पॉलिसी 5 लाखाची, रूम फक्त 7,000 ची. असं लिहून लोकांची दिशाभूल करू नका."

दादा, एक चूक माझीच आहे, 3 तास कुठून मोजायचे ते मी लिहिलंच नव्हतं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या मे 2024 च्या सर्क्युलरप्रमाणे पहिल्या प्रीऑथवर, म्हणजे उपचाराच्या मंजुरीसाठी हॉस्पिटल पाठवतं त्या विनंतीवर, कंपनीने 1 तासात आणि डिस्चार्जच्या विनंतीवर 3 तासात निर्णय द्यायचा, पण हे घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर, डॉक्टर "घरी जा" म्हणाले तेव्हा नाही.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्यावरून सांगतो. ठरलेलं ऑपरेशन होतं म्हणून 3 दिवस आधीच इन्शुरन्स डेस्कवर ई-कार्ड, आधार, पॅन, डॉक्टरांचा कागद आणि सोनोग्राफी दिली. डेस्कवाले प्रीऑथचा फॉर्म देतात, त्यातला एक भाग आपण भरायचा आणि दुसरा डॉक्टरांनी, पण तो बऱ्याचदा डेस्कवरचाच कोणीतरी घाईत भरतो आणि डॉक्टर फक्त सही करतात. आमच्या फॉर्मवर "त्रास किती दिवसांपासून" या रकान्यात 3 महिन्यांऐवजी 3 वर्षं लिहिलं होतं. हर्नियाला बहुतेक पॉलिसीत 2 वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर त्याचा क्लेम मिळत नाही, तो आमचा संपला होता, पण पॉलिसी अडीच वर्षांची आणि त्रास 3 वर्षांचा म्हटल्यावर पॉलिसी घेताना आजार लपवला का असा प्रश्न येणारच, आणि आलाच. क्वेरी आली, डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं, पहिल्या कन्सल्टेशनचा कागद जोडला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी मंजुरी मिळाली. त्यामुळे फॉर्म पाठवायच्या आधी तो एक रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचाच.

मंजुरी आली ती 50,000 ची. ही रक्कम शेवटची नसते, अंदाजपत्रक बघून दिलेली सुरुवातीची असते, बिल वाढलं की डेस्क वाढीव रकमेची विनंती पाठवतं, नाहीतर फायनल बिलाबरोबर सगळा हिशोब होतो. तुमचे 60,000 पण तेच.

आता डिस्चार्जचा दिवस. डॉक्टरांचा राउंड सव्वादहाला झाला. मग उरलेली औषधं फार्मसीला परत, डिस्चार्ज समरी टाइप, त्यावर सही, बिलिंगचं क्लोजिंग, असं करत डेस्कने मेल पाठवला 2:40 ला, म्हणजे साडेचार तास हॉस्पिटलमध्येच गेले. साडेतीनला क्वेरी आली की जाळीचं स्टिकर आणि इन्व्हॉइस नाही. हर्नियात जी जाळी बसवतात तिच्या पाकिटावरचं स्टिकर बिलाबरोबर लागतं, ते ऑपरेशन थिएटरच्या फाइलमध्येच राहिलं होतं. मी सिस्टरकडून आणून दिलं आणि 5:20 ला फायनल अप्रूव्हल आलं. बिल 1,12,400, मंजूर 1,08,100, आमच्याकडचे 4,300 गेले ते ग्लोव्ह्ज, अ‍ॅडमिशन किट असल्या न भरल्या जाणाऱ्या वस्तूंचे. डिपॉझिट 20,000 भरलं होतं, त्यातले 15,700 परत मिळाले.

तुमचे 14,000 मात्र फक्त ग्लोव्ह्जचे वाटत नाहीत, मला रूमची शंका येतेय. 5 लाखाच्या पॉलिसीत रोजच्या रूमला 1 टक्का म्हणजे 5,000 ची मर्यादा असेल आणि तुम्ही 7,000 ची घेतली, तर फरक फक्त रोजचे 2,000 नसतो. सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरेही सातातले पाच याच प्रमाणात मिळतात. समजा 2 दिवस रूम आणि बाकीची ही फी 35,000, तर रूमचे 4,000 आणि फीचे 10,000 खिशातून. तुमचंच बिल असं आहे असं मी म्हणत नाही, पॉलिसीत मर्यादा आहे का ते आधी बघा. आणि औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही प्रमाणात कपात लावता येत नाही, लावली असेल तर भांडा.

आता डेस्ककडून दोन गोष्टी मागून घ्या, डिस्चार्जची विनंती कंपनीला किती वाजता गेली त्या मेलची प्रत, आणि फायनल अप्रूव्हलचं पत्र, त्यात प्रत्येक कपातीचं कारण असतं. मेल दुपारी 4 नंतर गेला असेल तर उशीर हॉस्पिटलचा. 4 च्या आधी गेला असेल आणि मध्ये क्वेरी नसेल तर कंपनीने वेळ मोडली, आणि त्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा काही लावलं असेल तर ते कंपनीने भरायचं असा नियम आहे. तक्रार आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेलने करा, उत्तर पटलं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. कपातीचं पान नाव आणि पॉलिसी नंबर झाकून इथे टाकलंत तर मी ओळ न् ओळ बघून सांगतो, आणि मूळ लेखात ती वेळेची ओळ आजच दुरुस्त करतोय.