आधी वेळ ठरवा, मग ब्लर करा

भर दुपारी काढलेल्या एका साध्या फोटोवरून लाँग एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवल्याचा, आभास तयार करण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः ते करतो आणि मला ते आवडतं. पण हल्ली दिसणारे असे बरेचसे फोटो पाहताक्षणी खोटे वाटतात, आणि त्याचं कारण ब्लर कमी-जास्त झालाय हे क्वचितच असतं. खरं कारण असं की त्या फोटोत दोन वेगवेगळ्या वेळा नांदत असतात. आकाश दोन मिनिटांचं असतं आणि पाणी अर्ध्या सेकंदाचं.

जरा हिशेब मांडू. धबधब्याच्या धारा रेशमासारख्या दिसायला साधारण अर्धा ते एक सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात ढग जवळजवळ जागचे हलत नाहीत. ढगांचे लांबच लांब पट्टे हवे असतील, तर शटर बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समुद्राच्या लाटा पार विरघळून नुसतं धुकं उरतं. म्हणजे लांब ओढलेले ढग आणि पाण्यात मोजता येतील अशा धारा किंवा लाटा, हे दोन्ही एका खऱ्या एक्स्पोजरमध्ये सहसा एकत्र येत नाहीत. म्हणून फोटो उघडला की माझा पहिला निर्णय एकच असतो, हा फोटो किती वेळाचा आहे? धबधब्याचा असेल तर अर्धा सेकंद, आणि मग आकाशाला मी हातसुद्धा लावत नाही. समुद्राचा असेल तर दोन मिनिटं, आणि मग पाण्यातल्या प्रत्येक लाटेवर पाणी सोडायची तयारी ठेवायची.

आता एक उदाहरण सविस्तर घेतो. दुपारचा समुद्रकिनारा, फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, शटर १/२५० सेकंद. पुढे काळे खडक, त्यांच्याभोवती फेस, डावीकडे समुद्रात शिरलेली टेकडी, वर निळ्या आकाशात सुटे सुटे पांढरे ढग. हा फोटो खरोखर दोन मिनिटांचा काढायचा म्हटलं तर लेन्सवर प्रकाश अडवणारा १५ स्टॉपचा एनडी फिल्टर लागला असता, कारण प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट होतो आणि १५ दुपटींनी १/२५० सेकंदाचे १३१ सेकंद होतात. तो फिल्टर त्या वेळी जवळ नव्हता, हातात आहे तो हा एकच क्षण.

आधी आकाश घ्या, कारण तिथे ही नक्कल बऱ्याच अंशी खरी असते. ढग आकार न बदलता एका दिशेने सरकत गेला, तर दोन मिनिटांत सेन्सरवर जे साठतं आणि त्याच ढगाला त्याच दिशेने ब्लर करून जे मिळतं, त्यात गणिताने फरकच नाही. खरे ढग थोडे फुगतात, विरतात, पण डोळा तेवढी सूट देतो.

इथे दिशा मात्र चुकवून चालत नाही. सगळे ढग एकाच वाऱ्याने चालले असले तरी फोटोत त्यांचे पट्टे समांतर दिसत नाहीत. सरळ रेल्वेचे रूळ लांबवर एका बिंदूत मिळताना दिसतात, तसे हे पट्टेही क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारखे उघडतात. वारा समोरून आपल्याकडे येत असेल तर तो बिंदू चौकटीत असतो, आणि तेव्हा फोटोशॉपमधला Radial Blur, Zoom या पर्यायावर ठेवून, सर्वांत सोपा. त्याचा मध्य त्या बिंदूवर ओढून ठेवायचा. मध्यापासून जितकं दूर तितका ब्लर लांब होतो, त्यामुळे क्षितिजाजवळचे ढग थोडे आणि डोक्यावरचे भरपूर ओढले जातात. खऱ्या आकाशातही तसंच होतं. वारा तिरका असेल आणि बिंदू चौकटीबाहेर जात असेल, तर Path Blur घ्यावा आणि दोन-तीन बाण हाताने पंख्यासारखे मांडावेत. साध्या Motion Blur ने सगळं आकाश एकाच कोनात ओढलं की ते सपाट पडदा टांगल्यासारखं दिसतं.

पट्टा किती लांब हवा? माझी कसोटी अशी की तो ढगाच्या एका पुंजक्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवा. आपल्या फोटोत पुंजके सुमारे ४०० पिक्सेलचे आहेत, म्हणजे वरच्या भागात ८०० ते १००० पिक्सेल. त्याहून कमी ओढलं तर ढग वाहताना दिसत नाहीत, कॅमेरा हलल्यासारखा वाटतो. आणि आकाश पूर्ण निरभ्र किंवा पूर्ण भरलेलं असेल तर ओढायला काहीच नसतं, तिथे वेळ घालवू नये.

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते टेकडीच्या कडेला. आकाश ब्लर केलं की टेकडीचा काळा रंगही त्यासोबत आकाशात ओढला जातो आणि कडेभोवती एक मळकट सावली तयार होते. नंतर मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा, कितीही नेटका केला तरी ती जात नाही, कारण ती मास्कच्या बाहेर, आकाशातच मिसळलेली असते. उपाय ब्लरच्या आधी करायचा. आकाशाचा लेयर वेगळा घ्या, त्यातली टेकडी निवडा, ती निवड १५-२० पिक्सेलने फुगवा आणि Content-Aware Fill ने तिथे आकाशच भरा. भरलेलं आकाश ओबडधोबड असलं तरी बिघडत नाही, ते ब्लर होऊन टेकडीमागे झाकलंच जाणार आहे. मग ब्लर करा आणि शेवटी मूळ टेकडी वरच्या लेयरवर मास्कने परत आणा. टेकडीवर झाडं असतील तर त्यांच्या शेंड्यांची पानं थोडी मऊ करा. दोन मिनिटं वारा वाहतोय आणि एकही पान हललं नाही, हे कुणाला पटणार?

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. लाट सरकते तशी पाण्याची पातळी एकाच जागी वर-खाली होते, फुटते, मागे जाते. त्या जागी पुढच्या दोन मिनिटांत काय काय झालं असतं ते एका क्षणाच्या फोटोत नसतंच. म्हणून आकाशात आपण हिशेब करतो आणि पाण्यात अंदाज, हे मनाशी स्पष्ट असावं.

बहुतेक जण पाण्यावर आडवा Motion Blur टाकतात. आता लाटेचा माथा स्वतःच आडवा आणि लांब असतो. आडव्या रेषेला आडवं ओढलं तर ती रेषाच राहते. परिणामी रेशमाऐवजी पाण्यावर पट्टेपट्टे दिसतात, आणि ते इतके ठळक असतात की एकदा लक्षात आले की दुसरं काही दिसत नाही. त्या पट्ट्यांना उभ्या दिशेनेही विरघळवावं लागतं. मी आधी खडक Content-Aware Fill ने काढून टाकतो, मग आडवा ब्लर थोडाच देतो आणि त्यावर Field Blur वापरतो. त्यात क्षितिजाजवळच्या पिनला ५ ते १० पिक्सेल आणि अगदी पुढच्या पिनला ७० ते ८०. लांबच्या लाटा फोटोत बारीक असतात, जवळच्या मोठ्या, म्हणून ब्लरही तसाच वाढत यायला हवा.

यानंतर खडक परत आणायचे, आणि कड कशी असावी हा इथला खरा प्रश्न. टेकडी आणि आकाश यांच्यामधली कड तीक्ष्णच हवी, क्षितिजाची रेषाही तीक्ष्ण. पण खडक जिथे पाण्याला टेकतो तिथे दोन मिनिटांत पाणी कितीदा चढलं-उतरलं असतं, म्हणून तिथे रेषा असूच शकत नाही. तिथला मास्क मऊ ब्रशने ५० ते १०० पिक्सेल विरळ करत न्यावा. कात्रीने कापून पाण्यावर ठेवल्यासारखे खडक दिसले की समजावं, हे राहून गेलं. जिथे मूळ फोटोत फेस होता, तिथे त्या फेसाचाच रंग उचलून, ब्रशचा Flow ५ टक्क्यांवर ठेवून, खडकाच्या पायाशी हलकं धुकं चढवावं. हे चित्रकाराचं काम आहे आणि ते घाईने होत नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी फार थोडे लोक पाळतात. सेन्सर प्रकाशाची सरासरी काढतो. आपल्या ८ बिटांच्या फोटोतले आकडे म्हणजे थेट प्रकाश नव्हे, गडद भागाला जास्त जागा देण्यासाठी ते वाकवलेले असतात. समजा ० ते २५५ या मापात फेसाचा एक ठिपका २५५ आहे आणि शेजारचं पाणी ६०. फोटोशॉपने साधा ब्लर केला तर सरासरी १५८ येते. प्रकाशाची खरी सरासरी काढून परत त्याच मापात आणली तर ती १९१ च्या आसपास निघते. म्हणून नकली रेशीम राखाडी, मळकं दिसतं आणि खरं चमकतं. फोटो ३२ बिटांच्या मोडमध्ये नेऊन ब्लर केला की ही अडचण सुटते. गिंपमध्येही प्रिसिजन ३२ बिट लिनियर ठेवता येतं. Blur Gallery चे फिल्टर त्या मोडमध्ये चालत नसतील तर तेवढा टप्पा १६ बिटांत करून मग Curves ने फेसाचे उजळ भाग वर उचलावेत. मात्र मूळ फोटोत फेस जळून पांढराफटक झाला असेल, तर तिथली खरी चमक कुठल्याच मोडमध्ये परत येत नाही.

शेवटचा टप्पा दाण्याचा, म्हणजे नॉइजचा. ब्लरमुळे आकाश आणि पाण्यातला नॉइज पुसला जातो, खडकांवर तो तसाच राहतो. १०० टक्के झूम करून खडक आणि आकाश शेजारी ठेवून पाहा, एक फोटोचं आणि एक प्लास्टिकचं वाटेल. शिवाय गुळगुळीत आकाशात रंगाच्या पायऱ्या दिसू लागतात. ब्लर केलेल्या भागांवर १ ते २ टक्के नॉइज परत घातला की दोन्ही दोष बरेच झाकले जातात. त्याच वेळी चौकटीत उडणारा पक्षी, पाण्यात उभा असलेला माणूस, टेकडीवर पडलेली ढगाची ठळक सावली शोधा. दोन मिनिटांत पक्षी दिसेनासा झाला असता आणि सावली पसरून फिकी पडली असती. पाण्यातला माणूस दोन मिनिटं स्तब्ध उभा राहत नाही, त्याला काढूनच टाकावं.

असा फोटो टाकताना मी खाली "एका फोटोवरून, एडिटिंगमध्ये केलेला" असं लिहितो आणि शटरचे सेकंद लिहीत नाही. इतरांनीही तसं करावं असं मला मनापासून वाटतं. ट्रायपॉड रोवून, फिल्टर लावून, वारा पडायची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या फोटोतल्या पाण्यात त्या दोन मिनिटांची खरी नोंद असते, आणि आपल्या पाण्यात ती नसते. एडिटिंगला बंदी असलेल्या स्पर्धेत तर असा फोटो पाठवूच नये. आणि ट्रायपॉड जवळ असेल, फक्त फिल्टर नसेल, तर एकच फोटो काढून थांबू नका. त्याच जागेवरून पाठोपाठ तीस-चाळीस काढा आणि फोटोशॉपमध्ये Stack Mode मधलं Mean वापरून त्यांची सरासरी घ्या. मग पाण्याचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही, आणि वरची अर्धीअधिक खटपट वाचते.