रिटचरच्या अर्जात नुसती लिंक का पुरत नाही

«रिटचरच्या नोकरीला अर्जाचं पत्र कोण वाचतं? पोर्टफोलिओची लिंक द्या, पाच-सहा ‘आधी-नंतर’ टाका, कामच बोलतं. रेफरन्सवरून कॉम्पोझिट केलं असं लिहू नका, उचलेगिरी वाटते. परवानगीचं स्टुडिओ बघून घेतो. आणि मेहनत तुमची, म्हणजे फोटो दाखवायचा हक्कही तुमचाच.» रिटचरला, म्हणजे फोटो सुधारून देणाऱ्याला, असा सल्ला सहज मिळतो, पण तो पुरत नाही.

त्वचा, रंग किंवा मागे लोंबणारी वायर, एवढंच काम असेल तर ‘आधी-नंतर’ची जोडी पुरते. वेगवेगळ्या फोटोंतले भाग जोडून एकच चित्र केलं जातं त्या कॉम्पोझिटला मात्र एकच ‘आधी’ नसतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत दिवंगत आजोबांना उभं करायचं, हे आपल्याकडच्या स्टुडिओंत नेहमी येणारं काम घ्या. तिथे ‘आधी’ म्हणजे निदान तीन फोटो: ग्रुपचा, आजोबांचा चेहरा असलेला जुना प्रिंट, आणि अंगासाठी त्याच मांडवात त्याच जागी उभं करून काढलेला एखाद्या नातेवाइकाचा. कुठलं काय कुठून आलं ते अंतिम चित्रात दिसता कामा नये, कौशल्य तेच. म्हणून काम जितकं चांगलं, तितकं ते स्वतःबद्दल कमी सांगतं. उरलेलं पत्रात लिहावं लागतं.

उचलेगिरीचा संशय ‘रेफरन्स’ या शब्दाच्या दोन अर्थांमुळे येतो. एक रेफरन्स फक्त बघायचा असतो: सावली कुठे पडते, कातडीवर चमक किती. दुसऱ्यातून पिक्सेल प्रत्यक्ष घेतले जातात. पत्रात हे दोन्ही वेगळे लिहिले की संशयाला जागाच उरत नाही. उलट, दोन्ही गाळून ‘कॉम्पोझिटिंग येतं’ एवढंच लिहिलं, तर स्टुडिओवाल्याला ते नेटवरचं कापून चिकटवणंच वाटणार.

आजोबांच्या त्या कामात नेमकं काय सांगण्यासारखं असतं? पहिली गोष्ट आकार. ३५ × ४५ मिमीचा पासपोर्ट प्रिंट ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर उंचीला सुमारे ५३० पिक्सेल मिळतात आणि डोकं त्याच्या साठ टक्के धरलं तर जेमतेम ३२०. ग्रुप फोटोत शेजारच्या काकांचं डोकं ४०० पिक्सेलचं असेल, तर आजोबांना ताणून मोठं करावं लागतं आणि ते एकटेच मऊ, पुसट दिसतात. ६०० डीपीआयवर तेच डोकं ६४० च्या आसपास जातं, मग ते लहान करून बसवता येतं. प्रिंट खरखरीत कागदावरचा असेल तर तो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचा, दोन्ही एकावर एक जुळवून वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के ठेवायची. कागदाच्या उंचवट्यांच्या सावल्या बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात.

दुसरी गोष्ट अंतर. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले असतात. ग्रुप फोटो चार-पाच मीटरांवरून काढलेला असतो. हा फरक लहान-मोठं करून जात नाही. असा फोटो मिळाला तर दुसरा मागायचा, आणि दुसरा मागितला हेही पत्रात लिहायचं.

तिसरी गोष्ट उजेड, आणि इथे चूक फार होते. मांडवातला उजेड उजवीकडून आणि प्रिंटमधला डावीकडून असला, की हात आपोआप चेहरा उलटा करायला जातो. अनोळखी माणसाला काही कळत नाही, घरच्यांना मात्र लगेच ‘हे आपले आजोबा वाटत नाहीत’ असं होतं, कारण भांग आणि तीळ बाजू बदलतात. आजीचा फोटो असेल तर डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते आणि पदर उजव्या खांद्यावर येतो. चेहरा सरळच ठेवून प्रिंटमधली सावली सौम्य करायची आणि शेजारच्या काकांच्या चेहऱ्यावर बघत नवी उभी करायची. काका इथे नुसते बघायचा रेफरन्स. सगळ्यात वर तात्पुरता Black & White थर टाकला की रंग बाजूला पडतात आणि उजेडातली तफावत दिसते. जुन्या प्रिंटचा काळा उडून तपकिरी झालेला असतो, तो काकांच्या केसांतल्या काळ्याशी जुळवल्याशिवाय आजोबा धुक्यातच उभे राहतात.

एवढं सगळं पत्रात मावत नाही, मावायलाही नको. एका नमुन्यासाठी एक परिच्छेद पुरतो:

«नमुना २. लग्नाच्या ग्रुप फोटोत दिवंगत आजोबा. चेहरा कुटुंबाने दिलेल्या ३५ × ४५ मिमी प्रिंटवरून, ६०० डीपीआय स्कॅन. अंग आणि फेटा त्याच जागी उभ्या केलेल्या नातेवाइकाच्या फोटोतून, त्यांच्या संमतीने. उजेडासाठी शेजारच्या व्यक्तीचा चेहरा बघितला. नेटवरून काहीही घेतलेलं नाही. चेहरा उलटवलेला नाही. हसू मागितलं होतं, प्रिंटमध्ये नव्हतं, म्हणून कुटुंबाशी बोलून घातलं नाही. फक्त नोकरीच्या अर्जात दाखवण्याची कुटुंबाची लेखी परवानगी आहे, कृपया पुढे पाठवू नये.»

हसण्याबद्दलचं वाक्य नीट बघा. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नसलेला भाव घालायचा की नाही हे विचारून ठरवणारा रिटचर आहे, हे कुठल्याही लिंकमधून कळलं नसतं.

परवानगीचा कागद स्टुडिओकडे असतोच असं नाही, आणि असला तरी तो बहुधा ते काम करून देण्यापुरता किंवा स्टुडिओच्या जाहिरातीपुरता असतो. त्यात तुमचा पुढचा नोकरीचा अर्ज बसत नाही. म्हणून वेगळं विचारायचं, आणि विचारताना अंतिम चित्रच पाठवून त्याखाली लिहायचं: कुठे दाखवणार, किती दिवस, मूळ फोटोही दाखवणार का, नको झालं तर कोणाला कळवायचं. व्हॉट्सअॅपवर नुसतं ‘चालेल’ आलं तर ते कशाला चालेल हे सहा महिन्यांनी कोणीच सांगू शकत नाही. ‘आधी’च्या फोटोची परवानगी तर मुद्दाम हवी. नवरीने सुंदर केलेला फोटो दाखवायला होकार दिला म्हणजे मुरुमांसकटचा दाखवायला दिला असं होत नाही. आजोबांच्या बाबतीत ऑर्डर देणाऱ्या नातवाबरोबर आजी हयात असतील तर त्यांनाही विचारावं, आणि अंग ज्यांचं घेतलं त्यांनाही.

हक्काचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ बघा. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे नोकरी देणारा स्टुडिओ. पगारी रिटचर या दोन्हींत कुठेच नाही, रात्रभर जागला असला तरी.

फाइल पाठवतानाही परवानगी मोडते, आणि ती नकळत. फोटोशॉपमध्ये कापताना Delete Cropped Pixels बंद असेल तर कापलेला भाग पीएसडीत तसाच राहतो. पीडीएफ करताना Preserve Photoshop Editing Capabilities चालू राहिलं तर थर आणि मूळ चेहरे फाइलबरोबर जातात. अर्जासाठी आधी सपाट जेपीईजी काढून त्याचीच पीडीएफ करावी, आणि फाइलच्या नावात ग्राहकाचं आडनाव नसावं.

कुटुंबाने नाही म्हटलं तर तो नमुना चित्राशिवाय, वरच्यासारख्या परिच्छेदात ओळख न पटेल असा लिहावा, आणि शेजारी स्वतःच्या घरच्यांच्या फोटोंवर, त्यांना विचारून, तशाच अडचणीचं नवं कॉम्पोझिट करून लावावं: जुना प्रिंट, उलट्या बाजूचा उजेड, तीन स्रोत.