स्टेजवर तोंड कोरडं पडणं म्हणजे पाणी कमी पडणं नव्हे

"भाषणाआधी तोंड कोरडं पडतं, पोटात ढवळतं, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. दोन ग्लास पाणी पिऊन स्टेजवर जा."

हे खरं नाही. नाव पुकारायच्या आधी पाच मिनिटांत शरीरातलं पाणी आटत नाही. भीती वाटली की मेंदू पचनाचं काम मागे ढकलतो. पातळ लाळ सुटण्यासाठी ग्रंथींना मज्जातंतूंकडून जो इशारा मिळतो, तो मंदावतो. उरते ती थोडी, चिकट लाळ, म्हणून जीभ टाळूला चिकटते. त्यात आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो.

त्याच वेळी जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून मळमळतं, आणि ऐन वेळी संडासला जावंसं वाटतं. अशा पोटात दोन ग्लास पाणी ओतलं तर ते तिथेच डुचमळत राहतं.

त्यापेक्षा घोटभर पाणी तोंडात फिरवा, लवंग चघळा. चघळल्याने लाळ सुटते. श्वास नाकाने, सावकाश सोडा. जेवण दोन तास आधी, हलकं.

मात्र भाषण नसतानाही तोंड दिवसभर कोरडं राहत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही असं होतं, डॉक्टरांना दाखवा.