काळ्या चौकोनातील वीजबिल

बेळगावच्या शहापुरातील आमच्या घरात लाईट बिलाविषयी कोणी बोलेनासे झाले, त्याला आता बरेच दिवस झाले. २०२३ साली कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आली, मीटर वाचायला येणारा माणूस कन्नडमध्ये छापलेली चिठ्ठी हातात देऊन जाऊ लागला आणि तिच्या तळाशी बहुतेक महिन्यांत शून्य दिसू लागले. त्यामुळे सातवीतल्या सईला शिकवणीतून मिळालेल्या गणिताच्या कागदावर ‘सोबतच्या चित्रातील वीजबिलाचे निरीक्षण करून उत्तरे लिहा’ असा प्रश्न आला, तेव्हा तिला बिल ही गोष्टच अनोळखी होती. त्यातून ते चित्रही नव्हते. मूळ कागदावर बिलाचा फोटो असावा. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढताना त्याचा एक काळाकुट्ट चौकोन झाला होता आणि तो निरीक्षणाच्या पलीकडे गेला होता.

चौकोनाखाली दर मात्र ठळक उमटले होते. पहिल्या ५० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये, पुढच्या ५० ना साडेपाच, त्यापुढच्या १०० ना ७ आणि २०० च्या वर ८. शिवाय कर ९ टक्के. प्रश्न चार होते : वापरलेली युनिटे किती, स्थिर आकार किती, एकूण बिल किती आणि चौथा, ज्याच्याकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही. मागच्या पानावरील उत्तरांत फक्त तिसऱ्याचे उत्तर छापलेले होते : ₹११९५.५५. म्हणजे आम्हाला बिल माहीत होते आणि ते कशाचे आले हे काढायचे होते. सामान्य माणसाची बिलाबाबतची अवस्था नेहमी हीच असते, असे माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून सांगितले.

“ह्यात काय हाय अवघड?” आबा आरामखुर्चीतून म्हणाले. “शंभराच्या वर गेलं की समद्या युनिटाला सात. झालं!”

आबांचे हे ज्ञान अनुभवसिद्ध होते. २०२३ च्या दरवाढीत कर्नाटकात खरोखरच तसे झाले होते. शंभर युनिटांपर्यंत ४ रुपये ७५ पैसे, आणि शंभर ओलांडले की पहिल्या युनिटापासून सगळ्यांना सात रुपये. शंभर युनिटे जाळणाऱ्याचा वीज आकार ४७५ रुपये आणि एकशे एक जाळणाऱ्याचा ७०७. म्हणजे देवघरातला दिवा रात्रभर चालू राहिला तर त्या एका युनिटाची किंमत २३२ रुपये. त्या उन्हाळ्यात आबा महिनाअखेरीस टॉर्च घेऊन मीटरसमोर उभे राहत आणि नव्वदीच्या घरात आकडा गेला की पंख्यांवर संचारबंदी लागू करीत. पुढे १ एप्रिल २०२४ पासून टप्पेच गेले आणि घरगुती विजेला सरसकट ५ रुपये ९० पैसे असा एकच दर झाला, पण आबांच्या मनातून तो सात रुपयांचा दर काही गेला नाही.

“आबा, पुस्तकात तसं नसतंय,” सई म्हणाली. “पुस्तकात पायरीपायरीनं जायचं असतंय.”

तिचे म्हणणे असे की पहिली ५० युनिटे चारच्याच दराने राहतात, ती कितीही वापर झाला तरी महाग होत नाहीत. वाढीव दर फक्त वरच्या पायरीवरच्या युनिटांना. या हिशेबाने पहिल्या शंभरांचे २०० अधिक २७५, म्हणजे ४७५ रुपये होतात. आबांच्या पद्धतीने आणि सईच्या पद्धतीने उत्तरे वेगळी येणार, आणि खरी कोणती हे सांगणारे चित्र काळे झालेले. घरात दोन पक्ष पडले. सीमाभागात राहिल्यामुळे आम्हाला याची सवय आहे.

मी वही ओढून घेतली. आधी बिल कोणत्या पायरीवर संपते ते पाहिले. कर वीज आकारावर धरला, तर शंभर युनिटांचे करासह ५१७ रुपये ७५ पैसे होतात. युनिटे शंभर किंवा कमी असतील, तर उरलेले ६७८ रुपये किंवा त्याहून जास्त निव्वळ स्थिर आकाराचे म्हणावे लागतील. हा आकार जोडभारावर, म्हणजे घरासाठी मंजूर करून घेतलेल्या किलोवॉटवर ठरतो, आणि इतका मोठा जोडभार घेऊन एवढीशी वीज वापरणारे घर गणिताच्या पुस्तकातही आढळणार नाही. उलट २०० युनिटांचे करासह १२८०.७५ होतात, ते बिलाच्याही वर जातात. म्हणजे उत्तर १०० ते २०० च्या मध्ये कुठेतरी होते. पण कुठे? स्थिर आकार ठाऊक नाही, युनिटे ठाऊक नाहीत. एका समीकरणात दोन अज्ञात.

इथे मदतीला आले ते पैसे, म्हणजे रुपयाचे शंभरावे भाग. तिसऱ्या पायरीवरचे प्रत्येक युनिट करासह ७ रुपये ६३ पैशांचे. ११९५.५५ मधून शंभरांचे ५१७.७५ वजा केले की ६७७.८० उरतात. स्थिर आकार पूर्ण रुपयांत असतो असे मानले, तर शेवटचे ८० पैसे शंभरावरच्या युनिटांनीच आणले पाहिजेत. आता ६३ ला कितीने गुणले की शेवटी ८० येतात, हे सईने पाढा रेटत शोधले. शंभराच्या आत असा आकडा एकच निघाला : ६०. साठ युनिटांचे ४५७.८० झाले आणि स्थिर आकार नेमका २२० उरला. किलोवॉटला ११० धरले तर दोन किलोवॉटचा. एकूण युनिटे १६०.

“आणि माझ्या हिशेबानं?” आबांनी विचारले. न्याय दोन्ही पक्षांना हवा, म्हणून तोही करून पाहिला. सगळीच युनिटे ७.६३ ची धरली, तर ५५ पैसे आणणारी संख्या ८५ किंवा १८५. पंच्याऐंशीला सात रुपयांचा दर लागतच नाही, आणि १८५ चे १४११ रुपये होऊन बिलाच्या बाहेर जातात. कर स्थिर आकारावरही लावून पाहिला, तेव्हा ११९५.५५ ला १.०९ ने भागल्यावर पूर्ण पैसेच येईनात. १०९६.८३ वर कर लावला की एक पैसा कमी भरतो, १०९६.८४ वर लावला की एक पैसा जास्त होतो.

आबांनी हार मानली नाही. “खरं बिल असं पैशात कधी येतंय?” ते म्हणाले, आणि इथे मात्र त्यांचे बरोबर होते. खऱ्या बिलात इंधन अधिभार असतो, मागील थकबाकी असते आणि शेवटी रक्कम रुपयांत पूर्ण केली जाते. या कागदावर ११९६ छापले असते, तर आमचा सारा पुरावा त्या एका गोलाईत नाहीसा झाला असता आणि स्थिर आकार सात-आठ रुपये मागेपुढे सरकवून कोणीही १६१ नाहीतर १५९ युनिटे सिद्ध करून दाखवली असती. शिवाय हे टप्पे महिन्याच्या हिशेबाचे. रीडिंग पाच-सात दिवस उशिरा झाले तर पायऱ्यांची लांबीही त्या प्रमाणात वाढवून घ्यावी लागते.

सईने तीनही उत्तरे सुवाच्य अक्षरात लिहून काढली, आणि मग तिने चौथा प्रश्न वाचून दाखवला : ‘मीटरचे चालू रीडिंग लिहा.’

वजाबाकी ठाऊक असून दोनपैकी एकही संख्या ठाऊक नाही, अशा ठिकाणी पैशांचेही काही चालत नाही. चालू रीडिंग १६० पासून पुढे काहीही असू शकते. मी तसे समजावून सांगत असताना आबा उठले, टॉर्च घेऊन व्हरांड्यात गेले आणि आमच्या मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचू लागले.

“लिही की गं,” ते तिथूनच ओरडले, “कोण बघतंय!”