नऊ महिने नऊ दिवस उलटले म्हणून गायीला सुई नका देऊ

«गाय भरवल्याच्या तारखेत नऊ महिने नऊ दिवस मिळवा, बरोबर त्याच दिवशी गाय विते. दिवस उलटला की वासरू अडलं समजा आणि लगेच विण्याचं इंजेक्शन द्या. गाय असो की म्हैस, हिशोब एकच. सर्व शेतकरी ग्रुपवर पाठवा.»

आकडेमोडीला मी नावं ठेवणार नाही. गेली बरीच वर्षं वर्धा जिल्ह्यात गावोगाव कृत्रिम रेतनाचं काम करतो, आणि तोंडी हिशोब मीही असाच करतो. नऊ महिने पुढे जायचं म्हणजे पुढच्या वर्षात तीन महिने मागे यायचं: ऑगस्टला भरवली तर मे. त्यात नऊ दिवस घाला. महिने लहानमोठे असल्यामुळे हे कधी 282 दिवस होतात, कधी 285. संकरित गायीची सरासरी 280 च्या आसपास आणि देशीची त्याहून थोडी जास्त, तेव्हा जुन्या माणसांनी धरलेला मेळ चांगलाच आहे. बिघडतं ते «बरोबर त्याच दिवशी» या शब्दांपाशी.

विण्याचा दिवस गाय ठरवत नाही, पोटातलं वासरू ठरवतं. त्याची वाढ पुरी झाली की त्याच्याच शरीरातून निघणाऱ्या द्रव्यामुळे गायीच्या कळांना सुरुवात होते. म्हणून वासराची जात, म्हणजे कांडी कोणत्या वळूची होती, यानेही दिवस बदलतात. जर्सी आणि होल्स्टीन 278 ते 280 च्या जवळ वितात. आपली गवळाऊ किंवा गीर 285 ते 290 पर्यंत सहज जाते. गोऱ्हा असला तर कालवडीपेक्षा एखाद-दोन दिवस जास्त लागतात, जुळी असली तर काही दिवस आधीच येतात. एकाच जातीच्या दहा गायी घेतल्या तर सहा-सात गायी सरासरीच्या पाच दिवस मागेपुढे वितात आणि उरलेल्या बहुतेक दहा दिवसांच्या आत. म्हणजे आपल्या हाती येते ती तारीख नव्हे, वीस दिवसांची खिडकी.

पण या खिडकीपेक्षा मोठा घोळ मी पाहतो तो सुरुवातीच्या तारखेचाच. मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. 26 मे 2025 ला भर उन्हात एका काकूंचा फोन आला, «भाऊ, गाय अडली वाटते. तारीख तं सात दिवसं झाली निघून. मोबाईलवर आलं ना, इंजेक्शन द्या लागते म्हणून.» गेलो. कोठ्यात संकरित जर्सी, तिसरं वेत, कुटार खात निवांत उभी. घरातल्या जुन्या कॅलेंडरवर 10 ऑगस्टभोवती लाल गोल होता. तिथून नऊ-नऊ मोजले की 19 मे येते, काकूंचा हिशोब एका दिवसानेही चुकला नव्हता.

माझ्या वहीत मात्र त्या गायीपुढे दोन तारखा होत्या. 10 ऑगस्टचं रेतन ठरलंच नव्हतं. एकवीस दिवसांनी, 31 ऑगस्टला, ती पुन्हा माजावर आली आणि मी पुन्हा भरवली. तेव्हा घरी काका होते, काकू माहेरी, आणि गोल काही पुढे सरकला नाही. 15 नोव्हेंबरला गाभण तपासणी झाली, तिची नोंदही «अडीच महिने» अशीच होती. दुसऱ्या रेतनापासून 76 दिवस होतात, जुळलं. पहिल्यापासून 97, म्हणजे तीन महिन्यांच्या वर. एवढ्या लहान गाभात तीन आठवड्यांचा फरक हाताला कळतो. सहाव्या-सातव्या महिन्यात तो तितका नीट कळत नाही, म्हणून तपासणी अडीच-तीन महिन्यांत करून घ्या म्हणतो.

खरी तारीख निघाली 9 जून. ज्या दिवशी सुई मागत होत्या त्या दिवशी गाय 268 दिवसांची होती. गायीकडे पाहूनही ते दिसत होतं. कास भरायला लागली होती, पण सड अजून सुरकुतलेले. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दोरीसारख्या शिरा हाताला लागतात, त्या ताठ होत्या. विण्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत त्या इतक्या सैल पडतात की शेपटीजवळ खळगा दिसतो.

त्या दिवशी कळा आणण्याचं औषध दिलं असतं तर वासरू आलं असतं, पण कमजोर, धड उभं न राहणारं, आणि गायीची वार बहुधा अडकली असती. पान्ह्याचं म्हणून मिळणारं इंजेक्शन तर याहून वाईट. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसताना त्याने जोराच्या कळा आल्या तर गर्भाशयच फाटू शकतं. अडणं ही वेगळी गोष्ट आहे. पाण्याची पिशवी बाहेर आली, गाय जोर लावते आहे आणि दोन तास झाले तरी काही पुढे सरकत नाही, ते अडणं. तेव्हा डॉक्टरला बोलावायला एक मिनिटही थांबू नका. नुसती तारीख उलटली तर कास आणि शिरा रोज पाहा. हिशोबाच्या वर दहा-बारा दिवस गेले आणि काहीच लक्षण नाही, तर डॉक्टरकडून तपासून घ्या. सुई द्यायची की नाही, हे त्या तपासणीनंतर त्यांनी ठरवायचं. माझंही ते काम नाही.

काकूंचं नुकसान झालंच, पण दुधाचं. गाय विण्याआधी 60 दिवस आटवतात. त्यांनी 20 मार्चला आटवली, खरं तर 10 एप्रिलला आटवायची होती. एकवीस दिवसांचं दूध गेलं आणि सरकी ढेपेचा खर्च चालूच राहिला. उलटी चूक याहून महाग पडते. काही गायी गाभण असतानाही माज दाखवतात. तेव्हा न तपासता पुन्हा भरवली तर असलेला गाभ पडू शकतो. टिकला तर वहीत तारीख पुढची लागते, गाय आटायच्या आधीच व्यायला येते, कासेला विश्रांती मिळत नाही आणि चीकही पातळ निघतो. म्हणून उशिरा माज दिसला की आधी हात घालून पाहायला सांगा, कांडी नंतर.

ती गाय 12 जूनला पहाटे व्याली, 285 व्या दिवशी. गोऱ्हा झाला. काकूंच्या कॅलेंडरवर आता शेवटच्या रेतनाच्या तारखेलाच गोल असतो, जुना गोल खोडलेला असतो, आणि विण्याच्या महिन्यात एका दिवसाऐवजी आडवी रेघ असते.

म्हशीचं राहिलं. तिला हा हिशोब लावाल तर महिनाभर आधीपासून रात्री जागाल. ती 305 ते 315 दिवस घेते, आपल्याकडे दहा महिने दहा दिवस म्हणतात ते त्यासाठीच.