हाफ-कट सोलर पॅनेल: सावलीत अर्धी वीज मिळते, पण कधी?

«हाफ-कट पॅनेल घ्या, सावलीची चिंता मिटली. अर्ध्या पॅनेलवर सावली आली तरी अर्धी वीज मिळतेच. सेल कापल्याने आतला तोटा पाव होतो. आणि बसबार जितके जास्त, तितकी वीज जास्त.»

असे दावे ऐकू येतात. हाफ-कट म्हणजे ज्यात प्रत्येक सेल कापून दोन भाग केलेले असतात असं पॅनेल, आणि बसबार म्हणजे सेलवरचा करंट गोळा करणाऱ्या पट्ट्या. आधी सावली, कारण खरी फसगत तिथेच होते. १४४ अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरच्या भागात २४-२४ सेलच्या तीन साखळ्या असतात, खालच्या भागातही तशाच तीन. वरची आणि तिच्या खालची साखळी समांतर जोडलेली असते आणि अशा प्रत्येक जोडीला एक बायपास डायोड असतो, जो ती जोडी अडली की करंटला वळसा घालून वाट देतो. पॅनेल उभं बसवलं आणि सावली खालच्या कडेवरून वर चढली, तर खालच्या तिन्ही साखळ्या अडतात, पण वरच्या तीन आपला करंट देत राहतात. जुन्या अखंड सेलच्या पॅनेलमध्ये अशी सावली तिन्ही साखळ्यांना एकदम गाठते आणि हाती जवळपास काहीच उरत नाही. फायदा खरा आहे, हे मान्यच.

पण वरचा भाग देतो तो पूर्ण व्होल्टेजला अर्धा करंट. पॅनेल मात्र इतरांसोबत मालिकेत जोडलेलं असतं, आणि मालिकेत सगळ्यांतून करंट सारखाच वाहतो. समजा अशा एका मालिकेत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, ५४० वॅटची दहा पॅनेल आहेत, प्रत्येकाचा करंट १३ अँपिअर, आणि एकाच पॅनेलचा खालचा भाग सावलीत आहे. इन्व्हर्टरने त्या पॅनेलसाठी करंट ६.५ अँपिअरवर आणला, तर उरलेल्या नऊ पॅनेलनाही तेवढ्यावरच चालावं लागतं आणि एकूण उत्पादन तीन हजार वॅटच्या आत राहतं. करंट १३ वरच ठेवला, तर सावलीतल्या पॅनेलचे तिन्ही डायोड सुरू होतात, ते पॅनेल बाजूला पडतं आणि नऊ पॅनेल मिळून ४,८६० वॅट देतात. त्यातून डायोडमध्ये वीसेक वॅट जातात. चांगला इन्व्हर्टर दुसराच मार्ग धरणार. म्हणजे त्या पॅनेलकडून अर्धी वीज नाही, शून्य. उलट दहाही पॅनेलवर खालून सारखीच सावली आली, जशी मागच्या रांगेवर पुढच्या रांगेची येते, तर सगळ्यांचाच करंट अर्धा होतो आणि सुमारे २,७०० वॅट मिळतात. हाफ-कटची खरी जागा ही. एकट्या पॅनेलचा अर्धा वाटा हवाच असेल, तर त्याला स्वतंत्रपणे चालवणारा मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लागतो.

बसवण्याची दिशा चुकली, तर रांगेच्या सावलीतला फायदाही बदलतो. पॅनेलच्या मागे मधोमध एका ओळीत तीन छोटे जंक्शन बॉक्स दिसतात. सावलीची कड या ओळीला समांतर वर चढली, तरच वर सांगितलेला हिशेब लागू होतो. पॅनेल आडवं ठेवलं, तर खालची सावली एकाच डायोडच्या वरच्या-खालच्या दोन्ही साखळ्यांवर येते. तो डायोड सुरू होतो आणि दोन तृतीयांश वीज पूर्ण करंटने मिळते, अगदी अखंड सेलच्या पॅनेलसारखीच. सावली खालच्या एक-दोन ओळींपुरती आणि स्ट्रिंगमधल्या मोजक्याच पॅनेलवर येत असेल, तर आमच्या मते आडवं बसवणंच बरं.

आता तोटा पाव होण्याचं. करंट अर्धा झाला की I²R नुसार तोटा पाव होतो, हे सूत्र बरोबर आहे, पण ते कुठल्या भागाला लागू होतं ते पाहायला हवं. सेलवर सोल्डर केलेल्या, सेल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीत, म्हणजे रिबनमध्ये, तोटा खरोखर पाव होतो. दोन सेलच्या मधल्या फटीतल्या रिबनचे सांधे दुप्पट होतात, म्हणून तिथला तोटा निम्म्यावर थांबतो. आणि सेलमधला करंट बसबारकडे नेणाऱ्या बारीक फिंगर रेषांत काहीच फरक पडत नाही: काप फिंगरना समांतर जातो, त्यामुळे करंटला बसबारपर्यंतचं अंतर तेवढंच कापावं लागतं. एकंदर पॅनेलच्या पातळीवर वाढ साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते.

फिंगरमधला तोटा कमी होतो तो जास्त बसबारमुळे. १८२ मिलिमीटरच्या सेलवर पाच बसबार असतील, तर त्यांच्यात सुमारे ३६ मिलिमीटर अंतर पडतं, दहा असतील तर १८. फिंगरमधला तोटा या अंतराच्या वर्गाने बदलतो: पाचाला १०० धरला तर दहाला २५ आणि सोळाला जेमतेम १०. पहिल्या पायरीला ७५ वाचले, दुसरीला १५. शिवाय बसबारवरच्या रिबनच्या तारा वाढवताना त्या बारीक कराव्या लागतात, नाहीतर त्याच सेलवर सावली टाकतात. एक मिलिमीटर रुंद, पाव मिलिमीटर जाड अशा पाच पट्ट्यांमध्ये मिळून १.२५ चौरस मिलिमीटर तांबं असतं, ०.३ मिलिमीटरच्या बारा गोल तारांमध्ये ते ०.८५ पर्यंत उतरतं. म्हणजे तारांचा स्वतःचा रोध वाढतो, आणि तो परवडतो तो सेल कापून करंट अर्धा केल्यामुळेच. म्हणून या दोन गोष्टी एकाच पॅनेलमध्ये सोबत दिसतात. नुसता बसबारचा आकडा पाहून पॅनेल निवडण्यात अर्थ नाही.