ही बिचारी मुलं कोण?

आमच्या वाचनालयासाठी देणगी मागणारं पत्र गेल्या वर्षी मी लिहिलं होतं. समितीत सगळ्यांना ते फार आवडलं. "एकदम हलवून टाकणारं झालंय," असं म्हणून त्याच्या शंभर प्रती काढल्या, घरोघर वाटल्या आणि एक प्रत वाचनालयाच्या दारावर चिकटवली. दोन दिवसांनी रोज येणारा एक मुलगा दारापाशी उभा राहून ते मोठ्याने वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने मला विचारलं, "काकू, ही बिचारी मुलं कोण?"

मी काहीच बोलले नाही. काय सांगणार होते? ती बिचारी मुलं म्हणजे तोच होता.

ते पत्र असं होतं:

"सप्रेम नमस्कार. आपल्या गावचं वाचनालय शेवटच्या घटका मोजतंय. कपाटं मोडकळीला आलीत आणि आपण सगळे उघड्या डोळ्यांनी बघत बसलो आहोत. मोबाइलवर दर महिन्याला आपण किती उधळतो? मग या बिचाऱ्या मुलांच्या हाती साधं एक पुस्तक देणंसुद्धा आपल्याला जड जावं? एवढ्या मोठ्या गावात आजवर फक्त अकरा घरांनी मदत केली, ही शरमेची गोष्ट आहे. निदान आता तरी जागे व्हा. उद्या वाचनालयाला कुलूप लागलं, तर त्याला जबाबदार आपणच."

लिहिताना मला हे तळमळीचं वाटलं होतं. त्या मुलाच्या प्रश्नानंतर घरी जाऊन पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हे आरोपपत्र आहे. वाचणारा आरोपी, मी न्यायाधीश आणि दंड भरला की सुटका. पैसे अजिबात आले नाहीत असं म्हणणार नाही, थोडे आले. पण ते कसे आले ते सांगते. एका गृहस्थांनी पाकिटाबरोबर चिठ्ठी पाठवली, "आता परत पत्र पाठवू नये." दुसऱ्या एक बाई एरवी रस्त्यात थांबून बोलायच्या, त्या पैसे दिल्यापासून मला बघून पलीकडच्या बाजूने जाऊ लागल्या. अपराधी वाटायला लावून पैसे निघतात खरे, पण माणूस ते मागणारा तोंडापुढून हटावा म्हणून देतो. पुढच्या वर्षी त्याच्या दारात जायची आपलीच हिंमत होत नाही.

मग मी ते पत्र आणि लाल पेन घेऊन बसले. सगळ्यात आधी खटकले ते शब्द फार छोटे होते. साधं. निदान. तरी. सुद्धा. फक्त. मराठीत टोमणा मारायला वेगळं वाक्य लागत नाही, हे एवढेसे शब्द पुरतात. "आता जागे व्हा" हा निरोप आहे, "निदान आता तरी जागे व्हा" म्हटलं की आजवर झोपला होतात हे न बोलता बोलून झालं. "एक पुस्तक द्या" ही विनंती झाली, "साधं एक पुस्तकसुद्धा" म्हटलं की तुमची कंजुषी निघाली. देणगीचं पत्र लिहिणाऱ्या कोणालाही मी हे करून बघायला सांगेन: हे पाच शब्द शोधा, त्यांच्याभोवती गोल काढा आणि ते काढून वाक्य उभं राहतं का बघा. माझ्या पत्रातली दोन वाक्यं उभीच राहिली नाहीत. म्हणजे त्यांत टोमण्याशिवाय काही नव्हतंच.

दुसरी चूक अकरा घरांची. मला वाटलं होतं की "फक्त अकरा" वाचून लोकांना लाज वाटेल. वाचणाऱ्याने मात्र त्यातून वेगळंच उचललं: गावात बहुतेक कोणी देत नाही, मग मी दिले नाहीत तर काय बिघडलं? अमेरिकेतल्या ॲरिझोनात एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे लाकडाचे दगड झालेले प्राचीन तुकडे जमिनीवर पडलेले असतात आणि पर्यटक ते उचलून नेतात. रॉबर्ट चिआल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. "आजवर अनेक पर्यटकांनी तुकडे नेले, त्यामुळे उद्यानाचं रूप बदलतंय" अशा पाटीजवळचे शंभरातले जवळजवळ ८ तुकडे चोरीला गेले. "कृपया तुकडे नेऊ नका" एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळचे २ सुद्धा गेले नाहीत. सगळे चुकतात असं रागावून सांगितलं, तरी ऐकणारा त्यातलं "सगळे" तेवढं लक्षात ठेवतो.

आता अकरा हा आकडा खोटा तर करता येत नाही, आणि करूही नये. पण त्या अकरा घरांनी काय झालं, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. त्यांच्या पैशातून एका कपाटाच्या पाच खणांपैकी दोन खणांची सोय झाली होती. हे लिहिलं की तोच अकरा लाजेचा न राहता कामाला लागलेला आकडा होतो.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागली. पत्रात वाचनालय मरायला टेकलं होतं, आणि ते धादांत खोटं होतं. संध्याकाळी दार उघडलं की पाच मिनिटांत खिडकीजवळचा बाक भरतो. मी ग्रंथपालबाईंकडून देवघेवीची नोंदवही मागून घेतली आणि वर्षभराची पानं चाळली. मुलांच्या पुस्तकांत भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक एकतीस वेळा घरी गेलं होतं. त्याची शिवण सुटली होती, कव्हर दोऱ्याने बांधलेलं होतं. मरणाऱ्या वाचनालयात पुस्तकं अशी फाटत नाहीत, ती कोरी राहून धूळ खातात. वाचणाऱ्याला माया वाटावी असं काही लिहायचं असेल, तर सामग्री या वहीत असते. कल्पनेतून लिहायला बसलो की "ज्ञानाचा दिवा" आणि "बिचारी मुलं" हेच येतं.

एवढं शहाणपण मिळाल्यावर मी दुसरा खर्डा लिहिला आणि तोही फसला! यात मी सगळ्यांना दानशूर, सुजाण, दिलदार करून टाकलं. आठवणी, पुस्तकांचा वास, खिडकीतला उजेड, सगळं आलं. ग्रंथपालबाईंनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण द्यायचं काय, आणि कुठे?" खरंच, मागायचंच राहिलं होतं. आधीच्या पत्राची मला इतकी धास्ती बसली होती की मागणं म्हणजेच अपमान असं मी धरून बसले. गोडव्यात आणखी एक खोच असते. "आपल्यासारखे दानशूर" म्हटलं, की न देणारा आपोआप कंजूष ठरतो. तो टोमणाच असतो, फक्त हार घालून आलेला.

तिसऱ्या खेपेला मी आधी मागणं लिहिलं आणि बाकी पत्र त्याच्याभोवती. काय हवंय? मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात वरच्या खणात आहेत आणि तिथे मुलांचा हात पोचत नाही. म्हणून एक बुटकं कपाट हवंय. "वाचनालयाच्या विकासासाठी" या शब्दांत कोणालाच काही दिसत नाही; बुटकं कपाट दिसतं, आणि त्यातला एक खण आपला असं म्हणताही येतं. रक्कम किती, हेही स्पष्ट सांगायला हवं, पण लहान रक्कम देणाऱ्याला संकोच वाटू नये. चिआल्डिनींचाच १९७६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. दारोदार देणगी मागताना "अगदी एक पैसाही उपयोगी पडेल" या अर्थाचं वाक्य जोडल्यावर देणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं, आणि लोकांनी खरोखर पैसा-पैसाच दिला असंही झालं नाही. "निदान एवढं तरी द्या" आणि "एवढंही चालेल" यांत रक्कम तीच असते. पहिल्यात आपण तक्रार करत असतो, दुसऱ्यात बसायला जागा देतो.

"मदत" हा शब्दही मी काढला. मदत म्हटलं की देणारा वर आणि वाचनालय खाली हात पसरून. "वाटा" लिहिलं. वाटा आपल्याच घरातल्या गोष्टीत असतो.

शेवटी पत्र असं झालं:

"सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आपल्या वाचनालयातलं भुताच्या गोष्टींचं पुस्तक एकतीस वेळा घरोघरी जाऊन आलं. आता त्याचं कव्हर दोऱ्याने बांधलंय, तरी त्याला रजा मिळत नाही. हे पुस्तक आणि त्याची भावंडं सध्या वरच्या खणात राहतात आणि मुलांना ती काढायला स्टूल लागतं. म्हणून मुलांचा हात पोचेल असं पाच खणांचं बुटकं कपाट करायचं ठरवलं आहे. दोन खणांची सोय अकरा घरांनी केली, तीन उरले आहेत. एका खणाचा खर्च मागच्या बाजूला लिहिला आहे. कोणी अख्खा खण घेऊ शकेल, कोणी चौघांत मिळून. एका फळीपुरता वाटाही चालेल. या महिन्याच्या अखेरपर्यंत ग्रंथपालबाईंकडे द्यावा आणि पावती घ्यावी. कपाट आलं की कळवू. यंदा जमलं नाही तरी संध्याकाळी एकदा या, बाकावर सरकून जागा करतील."

शेवटच्या वाक्यावर समितीत वाद झाला. "नाही म्हणायची सोय आपणच कशाला करून द्यायची?" असं एक सभासद म्हणाले. माझं मत असं की ती सोय लोकांकडे असतेच, आपण लिहो न लिहो. लिहिली की नाही म्हणणाऱ्यालाही दार उघडं राहतं. वाक्य राहिलं.

एक सांगायला हवं. छप्पर गळत असेल तर ते लिहायचंच. गोड लिहायचं म्हणून गरज झाकली तर लोकांना वाटतं, यांचं बरं चाललंय. कुठे गळतंय, काय भिजलं, दुरुस्ती कोण करणार आणि कधी, हे सरळ सांगितलं की पुरे. "आपल्या डोळ्यांदेखत" हे शब्द त्यात घातले की परत आरोपपत्र सुरू.

तीन खण भरायला महिन्याऐवजी दोन महिने लागले. पैशांचा पूर वगैरे आला नाही. पण पैसे द्यायला आलेले लोक बसले, बोलले, आणि दोघांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं राहून गेलेली वाचनालयाची पुस्तकं गुपचूप परत केली.

नवीन पत्रही दारावर लावलं होतं. एका संध्याकाळी पाहिलं तर त्यातल्या "एकतीस"वर कोणीतरी पेन्सिलने काट मारून वर "बत्तीस" लिहिलं होतं. नोंदवहीत बघितलं. पुस्तक त्याच मुलाने नेलं होतं.